मैत्रिणीला ‘फोन ठेव’ कसं सांगायचं: गप्प बसून, विचारून की सरळ मागून?

समोर चहा निवतोय, आपण काहीतरी मनातलं सांगतोय आणि समोरचीचा अंगठा स्क्रीनवर वर सरकतोय. मधूनमधून ‘हं’ येतो. आपण थांबलो की ‘बोल ना, ऐकतेय मी’ येतं. गेल्या महिन्यात माझं असंच झालं. नोकरी सोडायची की नाही हे मला जुन्या मैत्रिणीशी बोलायचं होतं. आम्ही तासभर काढून भेटलो होतो आणि पहिली वीस मिनिटं मी तिच्या भांगाशी बोलत होते. अशा वेळी हाताशी तीन मार्ग असतात, आणि तिन्ही मी कधी ना कधी वापरलेत.

चौथाही आहे, टोमणा. ‘आम्ही निघू का मग, तुम्ही दोघं बसा.’ चारचौघांत, हसतखेळत तो चालतो. दोघीच असलो की तो उलटतो, कारण मग उत्तर फोनबद्दल येत नाही, आपल्याबद्दल येतं: ‘तू तरी कुठे कमी आहेस? परवा सिनेमात काय करत होतीस?’ आणि तिचं खरं असतं. त्यामुळे टोमणा इथेच सोडते.

गप्प बसणं सगळ्यात सोपं वाटतं. वाक्य अर्धवट सोडायचं आणि थांबायचं. खूप जुनी ओळख असेल तर समोरची पाच-सात सेकंदांत मान वर करते, ‘सॉरी सॉरी’ म्हणते आणि विषय संपतो. अडचण अशी की फोनमध्ये बुडालेल्या माणसाला शांतता उशिरा कळते, तोवर आपला चेहरा बदललेला असतो. मग ती विचारते, ‘काय झालं?’ आणि आपण म्हणतो, ‘काही नाही.’ हा ‘काही नाही’च घात करतो. तो ऐकला की तिला वाटतं आपण रुसलो, आणि पुढची दहा मिनिटं समजूत काढण्यात जातात. गप्पच बसायचं असेल तर पुढचं वाक्य आधी तयार ठेवावं: ‘तुझं होऊ दे, मग सांगते.’ साध्या आवाजात. एवढ्याने रुसव्याचं सौजन्य होतं. तरीही नव्या ओळखीत मी हा मार्ग घेत नाही. आपल्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला तिला आपण तेवढ्या माहीतच नसतो.

दुसरा मार्ग विचारण्याचा. ‘काही अर्जंट आहे का गं?’ यात तिला दोन्ही दारं उघडी राहतात. खरंच काही असेल तर ती सांगते, नसेल तर बहुतेक वेळा स्वतःहून फोन खाली ठेवते, आणि ठेवायला आपण सांगितलं असं तिला वाटत नाही. सगळी गंमत सुरात आहे. ‘अर्जंट’वर जोर दिला की तोच प्रश्न टोमणा होतो. म्हणून मी आताशा शब्द बदललाय: ‘घरून काही आहे का?’ यावर जोर देऊन बघा, टोमणा होतच नाही.

त्या दिवशी मी हेच विचारलं. ती म्हणाली, ‘अगं, आईचा रिपोर्ट यायचाय. भाऊ लॅबमध्ये थांबलाय, त्याचा मेसेज येईल.’ मी वीस मिनिटं मनात जे काय घोकत होते ते सगळं तिथेच गिळलं. आधी सरळ ‘फोन ठेव’ म्हटलं असतं तर तिने ठेवलाही असता, आणि जीव तिकडेच राहिला असता.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. तिच्या फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं आणि भावाचा नंबर त्यातून वगळला. तिने त्याला कळवलं, ‘मेसेज नको, फोनच कर.’ हे दुसरं महत्त्वाचं, कारण मेसेजची वाट बघणारा माणूस दर मिनिटाला स्क्रीन उघडतो आणि उघडली की तिथे बाकीचं सगळं असतंच. घंटीची वाट बघणाऱ्याला बघत बसावं लागत नाही. नंबर वगळायचा राहिला तरी बऱ्याच फोनमध्ये त्याच माणसाने लगेच दुसऱ्यांदा फोन केला तर घंटी वाजू देण्याची सोय असते. ती चालू आहे ना, एवढं सेटिंगमध्ये बघून घ्यावं.

आणि समजा तिने म्हटलं असतं, ‘छे गं, काही नाही, असंच’ आणि अंगठा चालूच राहिला असता? तिथे विचारण्याचा मार्ग संपतो आणि सरळ मागण्याचा सुरू होतो. ‘तू सारखी फोनमध्ये असतेस’ ही मागणी नाही, तक्रार आहे. तिच्यातला ‘सारखी’ हा शब्द तर भांडणाचं आमंत्रणच. मागणीत वेळ असावी आणि नेमकं काय करायचं ते असावं: ‘मला एक गोष्ट नीट सांगायचीय, दहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ फोन पर्समध्ये टाकशील?’ बोलताना आपला फोन आधी पर्समध्ये जायला हवा. आणि हे विषय काढण्याआधी म्हणावं. निम्मं सांगून झाल्यावर म्हटलं तर तिला आधीचं ऐकलं नाही याची लाज वाटते, आणि लाजलेला माणूस चिडतो.

मी पर्समध्ये म्हणतेय, टेबलावर पालथा नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीनशेहून अधिक माणसं आपल्या घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर हॉटेलात जेवली. काहींचे फोन टेबलावर होते, काहींचे दूर ठेवलेले. टेबलावर फोन असलेल्यांचं लक्ष जास्त उडालं आणि जेवणाची मजा कमी आली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. दहा मिनिटं झाली की मात्र आपणच म्हणावं, ‘बघ आता काय आलंय ते.’ दिलेला वेळ पाळला की पुढच्या वेळी मागणं सोपं जातं.

मग निवड कशी करायची? पहिल्यांदाच घडत असेल तर विचारावं. विचारूनही चालूच राहिलं तर मागावं. गप्प बसणं फक्त शाळेपासूनच्या मैत्रिणींसाठी. दर भेटीत तेच होत असेल तर भेटीत काही म्हणूच नये, आदल्या दिवशी ठरवताना म्हणावं: ‘उद्या दोघींचे फोन पर्समध्ये हं.’ सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून हेच केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, त्यामुळे कुणा एकाला बोल लागत नाही.

एका बाबतीत हे तिन्ही मार्ग फसतात. काहींना नजरेला नजर देऊन अवघड बोलणं जमत नाही, फोन ही त्यांची आडोशाची जागा असते. ओळखायचं असं की मधे आपण सांगितलेल्यातलं काही ती स्वतःहून विचारते का. विचारत असेल तर ती ऐकतेय. तिथे फोन काढून घेण्यापेक्षा ‘चल, जरा चालून येऊ’ म्हणावं. चालताना नजर रस्त्यावर असते आणि हात मोकळे.

माझ्या मैत्रिणीच्या भावाचा फोन अर्ध्या तासाने आला. रिपोर्ट नॉर्मल होता. तिने फोन परत पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि म्हणाली, ‘हं, तर साहेब काय म्हणाले? पहिल्यापासून सांग.’