अभंग स्वतःच इंग्रजीत नेताना: यमक राखावे की अर्थ?

कविता आपलीच, त्यामुळे मूळ कवीची परवानगी लागत नाही. पण काय सोडायचे हेही आपल्यालाच ठरवावे लागते. 'मोठा अभंग' या छंदातले एकच कडवे घेऊ: अक्षरे ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

पावसाच्या आधी
शाकारले घर
कौले खालीवर
झाली पुन्हा

'खालीवर'मध्ये जीव खालीवर होण्याची धास्ती आहे. घर कोणी शाकारले ते सांगितलेले नाही, मराठीत ते चालून जाते. गावदेवाच्या कौलाची सावलीही पडते, पण 'कौले' असे अनेकवचन झाल्यावर ती पुसट होते. म्हणून पहिला बळी तिचाच द्यावा.

यमक राखले तर असे होते:

बिफोर द फर्स्ट रेनफॉल
वी लेड द टाइल्स वन्स मोर
सम डाउन अपॉन द फ्लोर
अगेन, अगेन

मोजणी बरोबर, यमकही आहे. पण 'फ्लोर' केवळ यमकासाठी आला आणि त्याने कौले जमिनीवर पाडली, जी मुळात पडलीच नव्हती. 'वी' म्हणताच घरात माणसे आली. शिवाय सहाचा आकडा फसवा आहे. अभंगात 'घर' दोन अक्षरांचे मोजतात, पण बोलताना ते एकाच झटक्यात उच्चारले जाते. इंग्रजी कान तर आघात ऐकतो, अक्षरे मोजत नाही. त्याला जाणवतो तो फक्त आखूड शेवटचा चरण.

यमक सोडले तर:

बिफोर द रेन
द रूफ गॉन थ्रू
टाइल बाय टाइल टर्न्ड ओव्हर
अगेन

इथे कर्ता नाहीच. 'टर्न्ड ओव्हर' कौलांनाही लागते आणि इंग्रजीत काळजालाही, म्हणजे धास्ती जवळजवळ शाबूत राहते. यमकाऐवजी 'ट'ची पुनरावृत्ती कानाला लागते. गेले ते 'घर': 'रूफ'मध्ये छप्पर आहे, राहणे नाही. 'शाकारणे'ही गेले. तो शब्द तसाच ठेवून खाली टीप देता येते, पण चार चरणांच्या कडव्याखाली टीप फार जड होते.

यमकाचे वजन मराठीतच तपासता येते. 'घर' काढून 'छत' घाला. अक्षरे सहाच राहतात, यमक मोडते. मोठ्याने वाचा. कडवे तरीही उभे राहिले, तर यमक फक्त नाद देत होते आणि इंग्रजीत ते सोडायला हरकत नाही. वरच्या कडव्यात मात्र थोडे कोसळते, कारण 'घर' आणि 'वर' जोडले गेल्यानेच घराची अस्थिरता कळते. तरीही छापायला आम्ही दुसरे रूप घेऊ. चालीवर म्हणायची रचना असेल तर पहिले बरे, पण 'फ्लोर' बदलूनच. सगळ्या कडव्यांत यमक पाळायचे ठरवले, तर प्रत्येकात असा एखादा घुसलेला शब्द शोधून त्याखाली रेघ मारा. तीनपैकी दोन कडव्यांत रेघ पडली, की यमक पुरे करा.