गाण्याचे चॅनल: सशुल्क कार्यशाळा की एकास एक शिकवणी?

ग्वाल्हेरमध्ये घरून ख्यालगायनाचे चॅनल चालवणाऱ्या मराठी शिक्षकाने प्रेक्षकांकडून फी घेऊन शिकवायचे ठरवले, तर कार्यशाळा आणि एकास एक शिकवणी यांतला खरा फरक ऑनलाइन आवाजाच्या विलंबातून सुरू होतो. दोन्ही टोकांनी एकदम गाता येत नाही. त्यामुळे कार्यशाळेत सर्वांचे माइक बंद ठेवून भूपातील एखादी बंदिश नीट सांगता येते, पण कोणाचा गंधार उतरतो आहे हे कळत नाही. एकास एक तासात ते कळते, मात्र ॲपमधील गोंगाट कमी करण्याची सोय तानपुऱ्याचा आवाज खाऊन टाकते, म्हणून ती आधीच बंद करावी लागते.

आता हिशेब पाहू. दोन तासांची कार्यशाळा, 500 रुपये फी आणि 20 जागा धरल्या, तर 10,000 रुपये जमतात. पेमेंट गेटवेचे 2 टक्के आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी मिळून 236 रुपये वजा होतात. तयारी आणि निरोपानिरोपी धरून एकूण आठ तास गेले, तर तासाला सुमारे 1,220 रुपये पडतात. पाऊण तासाची शिकवणी 800 रुपयांना दिली, तर वेळ ठरवणे आणि नंतर टिपण पाठवणे यांसह सव्वा तास जातो व गेटवेचे तेच शुल्क वजा जाता तासाला सुमारे 625 रुपये सुटतात. कार्यशाळेला 11 जणही आले नाहीत, तर ती शिकवणीपेक्षा तोट्याची ठरते. चॅनल नवे असताना हा धोका मोठा असतो.

गूगल मीटच्या विनामूल्य खात्यावर तीन किंवा अधिक जणांची बैठक तासाभरात संपते, दोघांची मात्र संपत नाही. त्यामुळे शिकवणीला वेगळा खर्च येत नाही, फक्त बुकिंगचे वेळापत्रक काटेकोर लागते. दोन शिकवण्यांच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी सोडावीत आणि पैसे जमा झाल्यावरच वेळ पक्की करावी, नाहीतर 'नंतर पाठवतो' म्हणणारे वेळ अडवून बसतात.

परताव्यात दोन्हींना एकच नियम लावणे मला पटत नाही. कार्यशाळेत एक जण गळला तरी तयारी वाया जात नाही, म्हणून 48 तास आधीपर्यंत पूर्ण परतावा द्यावा आणि त्यानंतर जागा दुसऱ्याच्या नावे करू द्यावी. शिकवणीत मात्र राखलेली वेळच बुडते. तेथे 24 तास आधी कळवल्यास एकदा वेळ बदलून द्यावी, न कळवता गैरहजर राहिल्यास फी परत करू नये. शिक्षकच आला नाही, तर पै न पै परत करावी. गेटवे आपले शुल्क सहसा परत करत नाही, त्यामुळे 500 रुपयांच्या परताव्यामागे 11 रुपये 80 पैसे शिक्षकाच्या खिशातून जातात. हे सारे पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच लिहिलेले असावे.

माझ्या मते नव्या चॅनलने शिकवणीपासून सुरुवात करावी आणि 15 जणांनी एकच बंदिश मागितल्यावर कार्यशाळा जाहीर करावी.