फोटोतल्या फलनासाठी ग्रेडियंट बरा की सरळ रेषा?

दोन चलांच्या फलनाचा एखाद्या बिंदूपाशी ठरलेल्या दिशेने डिरेक्शनल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दिशिक विकलज, काढायचा असेल, तर हाताने काढण्याचे दोन रस्ते आहेत. एकात बिंदूतून त्या दिशेने जाणारी रेषा फलनात घालायची आणि उरलेल्या एकाच चलाचे विकलन करायचे. दुसऱ्यात आधी ग्रेडियंट काढायचा आणि त्याचा एकक सदिशाशी अदिश गुणाकार करायचा. छापील पुस्तक समोर असताना यांतला कोणता रस्ता घ्यावा, हा बहुधा आवडीचाच प्रश्न राहतो. मात्र गणित फोटोतून आलेले असले की निवडीला थोडे वजन येते, असा माझा अनुभव आहे. इंदूरला लोकमान्यनगरात घरी शिकवण्या घेत असल्याने झेरॉक्सच्या झेरॉक्सचे, दिव्याखाली तिरपे काढलेले फोटो रात्री दहानंतर माझ्या फोनवर येत असतात, आणि बरीच वर्षे मी ते पहिल्या रस्त्यानेच सोडवत होतो.

त्या रस्त्याबद्दलचा माझा आदर आजही कमी झालेला नाही. त्यात दिशिक विकलजाची व्याख्याच कागदावर उतरते: बिंदूपासून त्या दिशेने t इतके सरकल्यावर फलनाची किंमत किती होते, आणि t = 0 पाशी ती कोणत्या वेगाने बदलते, हे डोळ्यांना दिसते. कोणतेही सूत्र पाठ करावे लागत नाही आणि फलन विकलनीय आहे की नाही याची पूर्वअटही पाळावी लागत नाही. एकच दिशा विचारलेली असेल आणि फलन साधे असेल, तर हा रस्ता लांब पडतो असेही म्हणता येणार नाही.

माझे मत बदलले ते माझ्या पुतणीने पाठवलेल्या एका फोटोमुळे. फलन f(x, y) = xy² − 3y + e^(xy), बिंदू (0, 2), दिशा 3i − 4j. निदान मी तरी तसे वाचले. रेषा घातली, म्हणजे x = 3t/5 आणि y = 2 − 4t/5, तेव्हा हे मिळाले:

g(t) = (3t/5)(2 − 4t/5)² − 3(2 − 4t/5) + e^(6t/5 − 12t²/25)

t = 0 पाशी तिन्ही पदांचे विकलज अनुक्रमे 12/5, 12/5 आणि 6/5 येतात आणि उत्तर 6 येते. हे कळवल्यावर पुतणीने विचारले, “काका, दिशेतले मधले चिन्ह नक्की वजाच आहे ना? पानाच्या घडीत गेलंय.” फोटो मोठा करून पाहिला तर चिन्ह तर अस्पष्ट होतेच, शिवाय घातांकातला y खरोखर घातांकात आहे की e^x च्या शेजारी खाली उभा आहे, हेही सांगता येईना. दोन ठिकाणी शंका आल्यामुळे संभाव्य गणिते चार झाली आणि रेषेच्या रस्त्याने प्रत्येकासाठी नवे g(t) मांडावे लागणार होते, कारण त्या मांडणीत बिंदू, दिशा आणि फलन पहिल्याच ओळीत एकमेकांत मिसळून जातात आणि नंतर त्यांतले एकच बदलायचे म्हटले तर सगळी मांडणी उसवावी लागते. त्या रात्री मी चारही मांडल्या आणि तिसऱ्यात चिन्हाची चूक केली. हा त्रास दुसऱ्या कोणाला कदाचित किरकोळ वाटेल, पण माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

ग्रेडियंटच्या रस्त्यात दिशा शेवटच्या ओळीपर्यंत गणितात शिरतच नाही. पहिल्या वाचनाप्रमाणे आंशिक विकलज y² + y·e^(xy) आणि 2xy − 3 + x·e^(xy) आहेत, म्हणून (0, 2) पाशी ग्रेडियंट (6, −3) होतो. दुसऱ्या वाचनात, म्हणजे शेवटचे पद y·e^x असल्यास, तो (6, −2) होतो. x च्या दिशेचा घटक दोन्हीकडे सारखाच आहे, कारण x = 0 ला y·e^(xy) आणि y·e^x यांची किंमत एकच, म्हणजे 2, येते. तेव्हा घातांकाच्या शंकेचा परिणाम फक्त दुसऱ्या घटकावर होतो, हेही आपोआप कळते. पुढचे काम चार ओळींचे आहे: 3i − 4j असेल तर पहिल्या वाचनाने 6 आणि दुसऱ्याने 26/5, तर 3i + 4j असेल तर अनुक्रमे 6/5 आणि 2. पुस्तकाच्या मागच्या पानावरचे उत्तर या चारांपैकी एकाशी जुळले की फोटो कसा वाचायचा तेही ठरते. पुतणीकडच्या उत्तरात 26/5 होते, म्हणजे चिन्ह वजाच होते आणि y खाली उभा होता.

कॅल्क्युलेटरने पडताळा घेणारे या ठिकाणी हमखास फसतात. पहिल्या वाचनाच्या फलनात t = 0.001 ठेवून फरक काढला तर भागाकार सुमारे 5.998 येतो आणि 6 बरोबर असल्याचे समाधान मिळते. पण त्यातून विकलन बरोबर झाले एवढेच सिद्ध होते, वाचन बरोबर होते की नाही याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

दिशेच्या सदिशाला त्याच्या लांबीने, इथे 5 ने, भागायचे राहून जाणे ही चूक दोन्ही रस्त्यांवर होते. ती पकडण्याची सोय मात्र ग्रेडियंटकडेच आहे, कारण कोणत्याही दिशेचा विकलज ग्रेडियंटच्या लांबीपेक्षा मोठा असू शकत नाही. पहिल्या वाचनात ती लांबी √45, म्हणजे सुमारे 6.71, आहे. भागायचे विसरल्यास उत्तर 30 येते आणि चूक लगेच उघडी पडते. भागाकार विसरूनही उत्तर लांबीच्या आत राहिले तर ही कसोटी गप्प बसते, हे मान्य करायला हवे.

इतके असूनही एका प्रकारच्या प्रश्नात मी अजून रेषेकडेच वळतो. f(x, y) = x²y/(x² + y²) आणि मूळबिंदूपाशी f = 0, हे फलन घ्या. दोन्ही अक्षांवर ते शून्यच राहते, म्हणून मूळबिंदूपाशी दोन्ही आंशिक विकलज शून्य आहेत आणि ग्रेडियंटचे सूत्र प्रत्येक दिशेला शून्य उत्तर देते. रेषा घातली तर x = 3t/5, y = 4t/5 वर फलन 36t/125 होते आणि खरा विकलज 36/125 निघतो. फलन मूळबिंदूपाशी विकलनीय नसल्याने सूत्र तिथे लागूच पडत नाही, आणि तशी सूचना ते सूत्र स्वतःहून कधीच देत नाही. अशा प्रश्नात फलन महिरपी कंसात दोन ओळींत दिलेले असते आणि फोटो घाईत काढला की नेमकी खालची ओळ कापली जाते. म्हणून छेदात x² + y² दिसला आणि बिंदू (0, 0) असला, तर कोणत्याही रस्त्याने निघण्याआधी मी कंसाच्या खालच्या टोकाचा फोटो पुन्हा मागवतो.