आयव्हरी शटर, क्रीम टाइल्स आणि स्टील ग्रे ओटा : आठ महिन्यांनंतर

गेल्या पंधरवड्यात स्वयंपाकघरातली ट्यूब गेली आणि त्यामुळे हे लिहायला बसले. नाहीतर या ओट्याबद्दल माझं मत पक्कं झालं होतं : फसलो.

घर कळंब्याला. ओटा एल आकाराचा, एक बाजू ११ फूट, दुसरी ६, रुंदी २ फूट. खालच्या-वरच्या शटरना आयव्हरी लॅमिनेट, डॅडोला म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला १२ बाय १८ इंचाच्या क्रीम ग्लॉसी टाइल्स आणि ओट्याला स्टील ग्रे ग्रॅनाईट. वाया जाणाऱ्या तुकड्यांसकट ३८ चौरस फूट दगड घ्यावा लागला. १९० रुपये दराने ७,२२० रुपये झाले, कटिंग, नोझिंग आणि फिटिंगचे ६,५०० वेगळे. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून राग जास्त.

राग कशाचा, तर पहिल्या आठवड्यापासून आयव्हरी शटर जुनी, पिवळी पडल्यासारखी दिसायला लागली. नवीकोरी शटर! सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुतारानं जुना माल लावला का काय?" सुताराला बोलावलं, त्यानं लॅमिनेटचा उरलेला तुकडा बाहेर उन्हात धरून दाखवला. रंग अगदी कॅटलॉगमधलाच. तोच तुकडा ओट्यावर ठेवला की पिवळा.

कारण दगडात होतं. स्टील ग्रे नुसता राखाडी नसतो, त्यात निळसर झाक असते. निळसर रंगाशेजारी क्रीम किंवा आयव्हरी ठेवलं की डोळ्याला त्यातला पिवळेपणा वाढलेला दिसतो. लॅमिनेट बदललेलं नसतं, शेजार बदललेला असतो. ही झाक ओळखायची सोपी रीत मला नंतर कळली : दगडावर पांढराशुभ्र कागद ठेवायचा. नुसत्या दगडाकडे बघून राखाडीच वाटतं, पण कागदाशेजारी तो निळा आहे, हिरवट आहे की तांबूस, ते लगेच कळतं.

आता दुकानदाराशी झालेलं भांडण. आम्ही पसंत केला होता तो हातभर लांबीचा नमुना. घरी आला तो त्याहून गडद आणि निळसर. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, नाव तेच हाय की, स्टील ग्रेच दिलाय." नाव तेच होतं, हे खरं. पण खाण आणि लॉट बदलला की त्याच नावाचा दगड वेगळा निघतो, हे त्याला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. ते आधी सांगणं त्याचं काम होतं. त्यानं हात वर केले तेव्हा दगड कापून झाला होता, सिंकचं भोकही पाडलं होतं. त्यामुळे नमुन्यावर पसंती देऊ नका. गोडाऊनमध्ये जाऊन उभा स्लॅब बघा, त्याच्या पाठीवर खडूनं नाव लिहा, मोबाईलवर फोटो काढा आणि तोच कापायला लावा. बघताना धूळ पुसून दगड पूर्ण सुकू द्या. ओला दगड नेहमी गडद दिसतो.

मग ट्यूब गेली. आधीची होती थंड पांढऱ्या उजेडाची, खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेली. ह्यांनी गडबडीत आणली ती ४००० ची. त्या संध्याकाळी मी भाकरीला पीठ मळत होते. सहज वर बघितलं तर शटरचा पिवळेपणा गेलेला! दगड नुसता शांत राखाडी दिसत होता. जुनी ट्यूब निळसर उजेड टाकत होती, त्यात दगडाची निळी झाक आणखी उठून दिसायची. आठ महिने मी सगळा दोष दगडाला देत होते, त्यातला निम्मा उजेडाचा होता. म्हणून पहिलं मत मी बदलतेय. पूर्ण नाही, कारण दुपारी खिडकीतून ढगाळ उजेड आला की पिवळेपणा अजून थोडा जाणवतो.

दुसरी गोष्ट इतरांना क्षुल्लक वाटेल, पण मी रोज तीच बघायचे. ओटा आणि टाइल्स जिथं मिळतात ती सांध्याची रेघ. मिस्त्रीनं ती पांढऱ्या सिमेंटनं भरली होती. गडद दगड, क्रीम टाइल आणि मधे पांढरी पट्टी, १७ फूट लांब! स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की नजर तिथंच. दोन महिन्यांत गॅसमागची पट्टी हळद-तेलानं पिवळी, कांदा-लसूण चटणीच्या हातानं तांबूस आणि सिंकजवळ काळी झाली. पांढरं सिमेंट सच्छिद्र असतं, डाग आत मुरतो, घासून जात नाही. रंगसंगती बिघडायला मला तरी ही रेघ दगडाइतकीच कारणीभूत वाटते.

मागच्या महिन्यात ती काढून घेतली. मिस्त्रीनं ब्लेडनं जुनं सिमेंट खरवडलं, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली आणि दगडाच्या रंगाचं इपॉक्सी ग्राउट भरलं. सिंकमागच्या कोपऱ्यात मात्र राखाडी सिलिकॉन, कारण तिथं सांधा हलतो आणि कडक ग्राउटला चीर जाते. इपॉक्सी दोन भाग मिसळून लावायचं असतं आणि घट्ट व्हायच्या आत पुसावं लागतं, नाहीतर पॉलिशवर धुरकट थर बसतो. आमच्याकडे एका जागी तसा बसलाय, तळहाताएवढा. पण रेघ गेली. आता दगड संपतो आणि टाइल सुरू होते, मधे काही दिसत नाही.

दगडाची एक बाजू मात्र पहिल्या दिवसापासून चांगली आहे, रागाच्या भरात मी ती मान्य करत नव्हते. जाऊबाईंकडे जेट ब्लॅक आहे. त्यांच्याकडे बोअरचं क्षारी पाणी, प्रत्येक थेंब वाळला की पांढरा ठिपका उरतो. भाकरी थापली की पिठाची पांढरट झिलई पुसता पुसता दोन फडकी लागतात. माझ्या ओट्यावर बारीक दाण्यांच्या राखाडी नक्षीत पीठही लपतं, पाण्याचे ठिपकेही. हळदीचा डाग तर आजवर राहिलेला नाही. फिकट दगडाचं धाडस मी आमच्या स्वयंपाकाला कधीच केलं नसतं.

पुन्हा करायचं झालं तर क्रम उलटा करीन. आम्ही आधी टाइल्स लावल्या, मग लॅमिनेट ठरवलं आणि दगड शेवटी. खरं तर आपल्या इथल्या गोडाऊनमध्ये दगडाचे दहा-बारा रंग मिळतात आणि लॅमिनेटच्या कॅटलॉगात शेकडो. ज्यात निवड कमी ते आधी ठरवायचं, मग शटर, टाइल्स शेवटी. सुताराकडून फूटभर लॅमिनेटचा तुकडा घेऊन गोडाऊनला जायचं. दगडाचा मोठा तुकडा आडवा ठेवायचा आणि लॅमिनेट त्याच्याशेजारी उभं धरायचं, कारण घरात ते तसंच दिसणार. दोन्ही उभे धरले की उजेड वेगळा पडतो आणि अंदाज चुकतो.

आयव्हरीच हवी होती तर टॅन ब्राऊन घ्यायला हवा होता. त्याचे तपकिरी-तांबूस दाणे आयव्हरीच्याच ऊबदार घराण्यातले. स्टील ग्रे शुभ्र पांढऱ्या किंवा फिकट राखाडी शटरखाली शोभतो. शटर बदलायचा खर्च मी आता करणार नाही. नव्या ट्यूबचं खोकं मात्र माळ्यावर ठेवलंय, ४००० चा आकडा असलेली बाजू समोर करून.