वहीचं पान टाइप करताना: मोकळ्या जागा, टॅब की उभी रेघ?

माझ्या मामेभावाकडे गिरगावातल्या त्यांच्या जुन्या किराणा दुकानाच्या रोजमेळाच्या लाल वह्या आहेत. पानं ठिसूळ झाली आहेत, शाई फिकट होते आहे. म्हणून त्याला ती टाइप करून ठेवायची आहेत. त्याचा प्रश्न सरळ होता: तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक हे पाच रकाने साध्या मजकुरात एकाखाली एक कसे ठेवायचे? मोकळ्या जागा सोडून, टॅब देऊन, की मध्ये उभी रेघ टाकून? की सरळ एक्सेलमध्येच भरायचं?

मी या चारही रीतींनी एकच पान उतरवून पाहिलं. ऑक्टोबर १९८८ चं पान, दाणाबंदराहून माल आणायच्या काळातलं. हाच निर्णय घ्यायची वेळ तुमच्यावर आली असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते ती मोकळ्या जागांची रीत. इंग्रजी मजकुरात ती चालते, कारण समान रुंदीच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षर तेवढीच जागा घेतं. मराठीत नेमकं तिथेच बिघडतं. "श्री" हे डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, पण संगणकाच्या हिशेबी ते चार चिन्हं आहे: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. "नमक" मात्र तीन अक्षरं आणि तीनच चिन्हं. चिन्हं मोजून दहा घरांचा रकाना भरला तर "श्री"पुढे सहा जागा येतील आणि "नमक"पुढे सात. म्हणजे जो शब्द आधीच अरुंद, त्यालाच जागा कमी. चिन्हं न मोजता डोळ्यांनी जुळवलं तरी ते फक्त आपल्याच पडद्यावर टिकतं. समान रुंदीच्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी नसतेच. संगणक अक्षरं दुसऱ्या फाँटमधून आणतो आणि मोकळी जागा मूळ फाँटमधली ठेवतो. दोघांची मापं वेगळी. फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की जमेची रक्कम नावेच्या डोक्यावर जाऊन बसलेली दिसते.

यावर एक उतारा आहे. तपशिलाचा रकाना शेवटी न्यायचा आणि आधीच्या रकान्यांत फक्त 0 ते 9 हे आकडे ठेवायचे:

```
4-10      495.00         -   2099.50  उधारी वसूल
5-10     1018.75         -   3118.25  रोख विक्री
-              -    163.50   2954.75  वीज बिल
```

मराठी अक्षरं ओळीच्या शेवटी गेल्यामुळे ती कितीही पसरली तरी आकड्यांना धक्का लागत नाही. छापून घरच्यांना दाखवायला हे देखणं आहे. पण वहीतला रकान्यांचा क्रम बदलला, आणि नक्कल करताना क्रम बदलणं मला पटत नाही. पान शेजारी ठेवून वाचताना नजर प्रत्येक ओळीला उड्या मारते आणि चुका तिथेच होतात.

टॅबची रीत आतून पक्की आहे. दोन रकान्यांमध्ये एक टॅब, रिकाम्या खान्यासाठी लागोपाठ दोन. शीटमध्ये चिकटवलं की प्रत्येक रक्कम आपापल्या खान्यात जाते. अडचण एवढीच की टॅब दिसत नाही. साध्या एडिटरमध्ये टॅबचे थांबे बहुधा दर आठ घरांवर असतात. "तांदूळ २ पोती" एक थांबा ओलांडून जातं, "हमाली" अलीकडेच राहतं. रकाना वाकडा दिसतो, पण आतली मांडणी बरोबर असते. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त वाईट आहे: सगळं सरळ दिसतं, पण कुठेतरी टॅबऐवजी पाच मोकळ्या जागा टाइप झालेल्या असतात. रोजमेळात दर ओळीला जमा किंवा नावे यांपैकी एक खाना रिकामाच असतो, त्यामुळे एक टॅब कमी पडला की खर्च जमेत जातो.

स्वल्पविरामाची म्हणजे सीएसव्हीची रीत मी पहिल्याच ओळीला सोडली. वहीत १,८४२ असं लिहिलेलं. अवतरणात न घालता तसंच टाइप केलं तर १ एका खान्यात आणि ८४२ पुढच्या खान्यात.

राहिली उभी रेघ. ती दिसायला ओबडधोबड आहे, रकाने डोळ्यांना सरळ दिसत नाहीत. तरी माझं मत तिलाच. रेघ दिसते आणि मोजता येते. पाच रकान्यांना प्रत्येक ओळीत बरोबर चार रेघा, आणि रिकाम्या खान्यात आडवी खूण. ओळीत तीन रेघा दिसल्या की चूक लगेच लक्षात येते. फक्त मराठी कळफलकावरचा दंड (।) आणि ही रेघ (|) सारख्याच दिसतात. दंड टाइप झाला तर खाना वेगळा होत नाही. जुन्या वह्यांत दंड हे पाव रुपयाचं आणि दुहेरी दंड हे अर्ध्या रुपयाचं चिन्ह म्हणूनही येतं, तेव्हा एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी येण्याआधीच्या वह्या असतील तर रेघेऐवजी # सारखं वेगळं चिन्ह घ्या.

पहिल्या वाचनात आमचं पान असं उतरलं:

```
1-10-88 | मागील शिल्लक | - | - | 1842.50
- | रोख विक्री | 936.00 | - | 2778.50
3-10-88 | तांदूळ २ पोती | - | 1150.00 | 1628.50
- | हमाली | - | 24.00 | 1604.50
4-10-88 | उधारी वसूल | 415.00 | - | 2099.50
5-10-88 | रोख विक्री | 1018.75 | - | 3118.25
- | वीज बिल | - | 163.50 | 2954.75
7-10-88 | गूळ १ ढेप | - | 96.25 | 2868.50
8-10-88 | रोख विक्री | 884.00 | - | 3752.50
```

मामांनी तारीख दिवसातून एकदाच लिहिली आहे, खालच्या नोंदींना नाही. तीही तशीच ठेवली. रकमा वहीत १,८४२=५० अशा आहेत. त्या तपासता याव्यात म्हणून 0 ते 9 मध्ये आणि टिंब देऊन लिहिल्या, आणि फाइलच्या डोक्यावर तसं एकदा नोंदवलं. तपशिलातले आकडे मात्र जसेच्या तसे देवनागरीत आहेत.

आता सरळ एक्सेलमध्ये भरण्याबद्दल. मामेभावाचा कल तिकडेच होता, कारण शिल्लक आपोआप निघते. नेमकं हेच करू नका. शिल्लक सूत्राने काढली की वहीतली शिल्लक आपण वाचतच नाही, आणि आपलं वाचन तपासायची एकमेव खूण हातची जाते. मामांनी प्रत्येक ओळीला शिल्लक काढून ठेवली आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम त्यांनी एका अर्थी दोनदा सांगितली आहे. म्हणून शिल्लक पाहून टाइप करायची आणि ताळा वेगळ्या रकान्यात घ्यायचा.

त्यासाठी एडिटरमध्ये रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा मिळून शोधायचं, सगळीकडे टॅब घालायचा आणि शीटमध्ये चिकटवायचं. त्याआधी तारखेचा रकाना "मजकूर" म्हणून ठरवून ठेवा, नाहीतर अमेरिकी मांडणीच्या शीटमध्ये ३ ऑक्टोबरचा १० मार्च होतो. वरचा मजकूर शीर्षकाशिवाय पहिल्या ओळीपासून चिकटवला असेल तर F2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=ROUND(N(E1)+N(C2)-N(D2)-N(E2),2)
```

N मुळे रिकाम्या खान्यातली आडवी खूण शून्य धरली जाते. सगळीकडे 0 आलं तर पान जुळलं.

आमच्या पानावर दोन ठिकाणी 0 आलं नाही. उधारी वसुलीच्या ओळीत -80 आणि गुळाच्या ओळीत -10.

ऐंशीचा फरक पाहताच मी भिंग घेतलं. घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांच्यात आठाचा फरक आहे. म्हणून ८, ८० किंवा ८०० चा फरक आला की आधी हीच जोडी तपासायची. मी ४१५ वाचलं होतं, वहीत ४९५ होते. फरकाला ९ ने भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या, जसं ५४ चे ४५. फरक त्या ओळीतल्या रकमेच्या दुप्पट असेल तर रक्कम जमेऐवजी नावेत किंवा नावेऐवजी जमेत गेली आहे.

शिल्लक वाचण्यात चूक झाली तर ती वेगळी ओळखू येते. ३११८ च्या जागी मी ३१९८ टाइप केले असते तर त्या ओळीत -80 आणि लगेच पुढच्या ओळीत +80 आलं असतं, कारण तीच शिल्लक दोन्ही ओळींच्या हिशेबात येते. लागोपाठ दोन ओळी, आकडा तोच आणि चिन्ह उलट: चूक पहिल्या ओळीच्या शिलकेत.

गुळाच्या ओळीतले दहा रुपये मात्र सापडेनात. २९५४.७५ वजा ९६.२५ म्हणजे २८५८.५०. वहीत २८६८.५० आहे, आणि पुढची ओळ त्याच २८६८ वरून बरोबर चालते. भिंगातून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं, आकडा तोच. वजाबाकी मामांचीच चुकली होती. ताळ्याच्या आकड्यावरून हे ठरवता येत नाही, हे ध्यानात ठेवा: रक्कम आपण चुकीची वाचली असो की लिहिणाऱ्याची वजाबाकी चुकली असो, दोन्ही वेळा एकच ओळ बिघडते आणि पुढचं सगळं जुळतं. फरक फक्त शाई सांगते.

मामेभाऊ म्हणाला, "दुरुस्त करून टाक ना."

मी केलं नाही. एक आकडा सुधारला की खालच्या सगळ्या शिलका बदलाव्या लागतात, आणि मग ते मामांचं पान राहत नाही. त्या ओळीपुढे सहावा रकाना करून "मुळात असेच, १० जास्त" एवढं लिहिलं. तशा ओळीत पाच रेघा येतात, आणि रेघा मोजताना ती शेरा असलेली ओळ म्हणून आपोआप वेगळी दिसते.

आता त्याने असं ठरवलं आहे: टाइप उभ्या रेघेत, ताळा शीटमध्ये, आणि मोकळ्या जागांची मांडणी फक्त मामींना छापून द्यायच्या पानांसाठी. दर पानाच्या तळाची "पुढे नेले" रक्कम आणि पुढच्या पानाची "मागून आणले" रक्कम यांचा मेळ तो वेगळा घेतो, कारण सूत्र पानाच्या कडेवर थांबतं. मामांनी ते दहा रुपये पुढे कधी मोजून वळते केले का, हे त्या मेळात दिसेल. ऑक्टोबरची आणखी चार पानं उतरवायची आहेत.