रिवॉर्ड मॉडेल ठेवावं की थेट डीपीओ करावं?

पसंतीच्या जोड्या, म्हणजे एकाच प्रश्नाचं एक पसंतीचं आणि एक नापसंतीचं उत्तर, तयार आहेत, मूळ भाषा मॉडेलचं सूचनांवरचं फाइन-ट्यूनिंग उरकलंय, आणि आता दोन वाटा समोर आहेत. एक म्हणजे जोड्यांवर आधी उत्तरांना गुण देणारं रिवॉर्ड मॉडेल शिकवायचं आणि मग त्याच्या गुणांवर पॉलिसी, म्हणजे उत्तरं देणारं मॉडेल, सुधारायची. दुसरी म्हणजे 2023 साली स्टॅनफर्डच्या गटाने मांडलेली डीपीओ: रिवॉर्ड मॉडेल मध्ये न आणता त्याच जोड्यांवर पॉलिसीला थेट शिकवायची. मी एकाच कामासाठी दोन्ही करून पाहिल्या. काम एका पतसंस्थेच्या खातेदारांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देण्याचं होतं. मॉडेल सात अब्ज पॅरामीटरचं, जोड्या हजारांच्या घरात.

सोयीच्या बाबतीत डीपीओ सरळ पुढे आहे. पॉलिसी आणि तिची गोठवलेली मूळ प्रत, एवढंच लागतं. मूळ वजनं न बदलता वर छोटा शिकाऊ भाग बसवणारा लोरा अॅडॅप्टर वापरला तर मूळ प्रतही वेगळी ठेवावी लागत नाही, अॅडॅप्टर बंद केला की झालं. शिकवताना उत्तरं निर्माण करायची नसल्याने वेळही कमी लागतो. पहिल्या वाटेवरच्या नेहमीच्या पीपीओ पद्धतीमध्ये पॉलिसी, मूळ प्रत, रिवॉर्ड मॉडेल आणि किती गुण मिळतील याचा अंदाज देणारं व्हॅल्यू मॉडेल अशी चार मॉडेलं सांभाळायची असतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळ पॉलिसीकडून उत्तरं काढण्यातच जातो. म्हणून मी आधी डीपीओच केलं. हाताशी एकच जीपीयू असेल तर तुम्हीही बहुधा तेच कराल, आणि त्यात चूक नाही.

माझी अडचण जोड्यांच्या घडणीतून आली. पतसंस्थेचे दोन निवृत्त कर्मचारी मॉडेलची उत्तरं तपासून दुरुस्त करायचे. दुरुस्त उत्तर पसंतीचं, मूळ उत्तर नापसंतीचं. कित्येक जोड्यांत फरक दोन-तीन शब्दांचाच: ‘मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास एक टक्का व्याज कमी मिळते, याची नोंद घ्यावी’ आणि ‘मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास पूर्ण व्याज मिळते, याची नोंद घ्यावी’. जोड्या बनवण्याची ही रीत मला अगदी प्रामाणिक वाटली होती.

शिकवणी सुरू झाली आणि लॉस छान खाली आला. काही दिवसांनी उत्तरं वाचायला घेतली तर ‘एक टक्का व्याज शाखेत विचारून मिळते’ असलं वाक्य समोर आलं. ते ना पसंतीच्या उत्तरांत होतं, ना नापसंतीच्या. मग लॉगमधल्या एकेका जोडीचे आकडे काढून बसलो. हे त्यांतलं एक, समजायला सोपं पडावं म्हणून आकडे गोल करून. logp म्हणजे उत्तराच्या संभाव्यतेचा लॉग, आणि beta म्हणजे फरकाला दिलेलं वजन:

```
               मूळ प्रत   शिकल्यावर   फरक
पसंत   logp     -120       -135       -15
नापसंत logp     -118       -158       -40

beta = 0.1
margin = 0.1 * (-15 - (-40)) = 2.5
loss   = -log(sigmoid(2.5)) = 0.08
```

लॉस 0.69 वरून 0.08 वर आला, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. पण डीपीओचा लॉस फक्त दोन फरकांमधलं अंतर पाहतो. पसंतीचं उत्तर स्वतः वर गेलं की खाली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. इथे नापसंतीचं उत्तर जास्त घसरलं म्हणून अंतर वाढलं, आणि त्याच वेळी बरोबर उत्तराची संभाव्यता e^15 पट, म्हणजे सुमारे 33 लाख पटींनी कमी झाली. ती संभाव्यता कुठे तरी जाणारच. ती दोन्हींत नसलेल्या वाक्यांकडे गेली.

मोजक्या शब्दांच्या फरकाच्या जोड्यांत हे जास्त का होतं, त्याचं कारण मला असं उमगलं. वेगळ्या शब्दापर्यंतचा भाग दोन्हीकडे तोच असल्याने तिथे वरचा आणि खालचा रेटा एकमेकांना मारतो. पुढचे ‘याची नोंद घ्यावी’ हे शब्दही तेच, पण त्यांच्या मागचा संदर्भ किंचित वेगळा, आणि मॉडेलच्या आत हे दोन संदर्भ जवळजवळ सारखे दिसतात. त्यामुळे नापसंतीच्या उत्तरातले शब्द खाली ढकलताना पसंतीच्या उत्तरातले तेच शब्दही ओढले जातात.

हे ओळखणं अवघड नाही. लॉगमधल्या `rewards/margins` या अंतराच्या आलेखाबरोबर `rewards/chosen` हा पसंतीच्या उत्तराच्या फरकाचा आलेखही उघडा. अंतर वाढतंय आणि `rewards/chosen` शून्याखाली सरकत चाललाय, तर उत्तरं वाचायची वेळ झाली. थोडी घसरण पुष्कळदा दिसते आणि चालूनही जाते. माझी थांबतच नव्हती. यावर उपाय आहे: पसंतीच्या उत्तराचा साधा लॉग-लाइकलीहुड लॉस थोड्या वजनाने जोडायचा. मेटाने 2024 च्या ल्लामा 3 मध्ये डीपीओबरोबर 0.2 वजनाने तो जोडला होता. मी जोडला आणि मोडकी वाक्यं बरीच कमी झाली. पण मनातला खटका गेला नाही, कारण मॉडेल नेमकं काय शिकलंय हे विचारायला जागाच नव्हती. शिकणं आणि वागणं एकाच वजनांत मिसळलेलं होतं.

मग त्याच जोड्यांवर रिवॉर्ड मॉडेल शिकवलं. जोड्यांवरून एकदाच फिरलो, कारण दुसऱ्या फेरीत ते जोड्या पाठ करू लागतं. ओपनएआयने 2022 च्या इन्स्ट्रक्टजीपीटीतही याच कारणाने एकच फेरी ठेवली होती. इथे तीच ठेवीची जोडी तपासली तर दोन्ही उत्तरांच्या गुणांत फरक 0.3 चा निघाला. सिग्मॉइडमधून काढला तर पसंतीचं उत्तर सरस असण्याची शक्यता 57 टक्के, म्हणजे मॉडेलला यातलं बरोबर कोणतं ते जवळपास कळलेलंच नाही. आणि ते बरोबरच होतं. नियम प्रश्नात दिलेलाच नव्हता, तर कळणार कुठून? असल्या जोड्या वेगळ्या काढून प्रश्नासोबत नियमाचा उतारा जोडला, आणि मग फरक नीट पडू लागला. डीपीओने हीच जोडी 0.08 लॉस दाखवून ‘शिकली’ म्हणून पुढे नेली होती.

रिवॉर्ड मॉडेलचीही खोड निघाली. उत्तराच्या सुरुवातीला ‘नमस्कार, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे’ असलं की गुण वाढायचे. पॉलिसी चार-पाचशे पावलांत ते शिकली आणि प्रत्येक उत्तर नमस्काराने सुरू होऊ लागलं. गुणांचा आलेख चढत होता, कर्मचाऱ्यांची पसंती मात्र घसरत होती. पण इथे दोष हातात धरता आला: पन्नास उत्तरं घेतली, प्रत्येकाला ते वाक्य चिकटवून पुन्हा गुण काढले, जवळपास सगळ्यांचे वाढले. मग मुद्दाम अशा जोड्या केल्या की नमस्कारवालं पण चुकीचं उत्तर नापसंत, आणि फक्त रिवॉर्ड मॉडेल पुन्हा शिकवलं.

पॉलिसीच्या टप्प्यासाठी मी पूर्ण पीपीओ ठेवलं नाही. एका प्रश्नाची चार उत्तरं काढायची आणि प्रत्येकाच्या गुणांतून बाकी तिघांची सरासरी वजा करायची. गुण 2, 1, 0.5, 0.5 असतील तर पहिल्याला 1.33 चा फायदा, शेवटच्या दोघांना 0.67 चा तोटा. या पद्धतीला आरएलओओ म्हणतात. व्हॅल्यू मॉडेल गळतं आणि मेमरीचा प्रश्न बराच हलका होतो. मूळ प्रतीपासून दूर जाण्याचा केएल दंड मात्र ठेवावाच लागतो, आणि उत्तरं पॉलिसीची स्वतःचीच असल्याने अनोळखी वाक्यांकडे संभाव्यता वाहून जायचा प्रकार मला पुन्हा दिसला नाही.

तुमच्या जोड्या एकाच प्रश्नाच्या दोन स्वतंत्र, ठळक वेगळ्या उत्तरांच्या असतील, तर डीपीओ तुम्हाला पुरेल असं मला वाटतं, आणि आठवडाभराचा वेळ वाचेल. जोड्या दुरुस्तीतून आलेल्या असतील तर मी तरी रिवॉर्ड मॉडेलकडेच वळेन. पॉलिसीला हात लावण्याआधी त्यातल्या शंभर जोड्यांचे गुण काढा आणि कमी फरकाच्या जोड्या दुरुस्त करणाऱ्याला परत दाखवा.