टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू येण्यासाठी: इक्वलायझर की नाइट मोड?

आधी दुखणं ओळखा. संवादासाठी आवाज वाढवला आणि स्फोट होताच रिमोटकडे धाव घ्यावी लागली, तर काम नाइट मोडचं. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. मात्र पंख्याची घरघर, पावसाची रिपरिपही त्यासोबत वर येते, आणि ज्या प्रसंगात पार्श्वसंगीत बोलण्याइतकंच मोठं आहे तिथे तो फारसा उपयोगी पडत नाही.

आवाज पुरेसा आहे, पण शब्द घुमल्यासारखे येतात? मग इक्वलायझर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सेटिंग. टीव्हीवर बहुधा १००, ३००, १ हजार, ३ हजार आणि १० हजार हर्ट्झ अशा पट्ट्या असतात. वाढवण्याआधी कमी करा: १०० आणि ३०० दोन-तीन पायऱ्या खाली घ्या, मग ३ हजारची पट्टी दोन पायऱ्या वर. त, क, स यांसारखी व्यंजनं त्याच भागात उठून दिसतात. ‘स’ कानाला टोचू लागला, तर एक पायरी मागे या. १० हजारला हात लावू नका. तिथे बोलणं थोडंच, खरखर जास्त.

एक गोम: साउंडबार जोडलेला असेल तर टीव्हीचा इक्वलायझर बहुतेक वेळा लागूच होत नाही. पट्टी पूर्ण खाली नेऊनही फरक पडला नाही, तर बदल साउंडबारच्याच सेटिंगमध्ये करा.